फोनची भाषा चुकून भलत्याच लिपीत गेली तर परत कशी आणायची (काहीही न वाचता)

हा प्रॉब्लेम परत परत येतो. लहान मुलाच्या हातात फोन होता किंवा खिशात स्क्रीन चालू राहिली किंवा सेटिंगमध्ये काहीतरी शोधताना बोट सरकलं, आणि आता सगळा फोन अरबी किंवा थाई किंवा अजून कुठल्यातरी लिपीत दिसतोय, एक अक्षर कळत नाहीये. मग बहुतेक जण घाबरून जे दिसेल ते दाबत सुटतात आणि नेमकं तेच करायचं नसतं, कारण भाषा ज्या पानावर बदलते त्याच पानावर बऱ्याच फोनमध्ये सगळा डेटा पुसायचा ऑप्शन पण असतो. त्यामुळे आधी शांतपणे हे वाचा.

सगळ्यात आधी नक्की काय बदललंय ते बघा, कारण तीन वेगळ्या गोष्टी लोक एकच समजतात. फक्त टाइप करताना भलती अक्षरं येत असतील पण बाकी फोन नेहमीसारखा असेल तर भाषा बदललेलीच नाही, कीबोर्ड बदललाय, स्पेसबारच्या शेजारी पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह असेल ते दाबा, नसेल तर स्पेसबार दाबून धरा, कीबोर्डची लिस्ट येते. एकच अ‍ॅप परक्या भाषेत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर त्या एका अ‍ॅपची भाषा बदललीय, अँड्रॉइड १३ पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १३ पासून प्रत्येक अ‍ॅपची भाषा वेगळी ठेवता येते, तुमची सेटिंग वाचता येतायत म्हणजे ते तिथून सहज सुटतं. पण लॉक स्क्रीनवरची तारीख आणि वार सुद्धा परक्या लिपीत असतील तर मात्र अख्ख्या फोनची भाषा बदललीय. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

आता मुख्य मुद्दा. भाषा बदलली की अक्षरं बदलतात पण चिन्हं बदलत नाहीत, सेटिंगचं दातेरी चाक दातेरी चाकच राहतं, आणि ओळींचा क्रमही तोच राहतो. म्हणून वाचायचा प्रयत्नच करायचा नाही, चिन्ह बघायचं आणि ओळ कितवी ते मोजायचं. आणि दुसरं म्हणजे भाषांच्या लिस्टमध्ये प्रत्येक भाषेचं नाव त्या त्या भाषेतच लिहिलेलं असतं. म्हणजे फोन थाई भाषेत असला तरी त्या लिस्टमध्ये English हे English असंच दिसणार आणि मराठी हे मराठी असंच. तुम्हाला फक्त त्या लिस्टपर्यंत पोचायचंय, तिथे पोचलात की वाचता येणारं काहीतरी डोळ्यासमोर असतं.

सुरुवात सेटिंग उघडण्यापासून. अ‍ॅपच्या मोठ्या लिस्टमध्ये सेटिंग शोधायला जाऊ नका, ती लिस्ट अक्षरांच्या क्रमाने लागलेली असते आणि भाषा बदलली की नावं बदलतात म्हणजे क्रमही बदलतो, त्यामुळे नेहमीच्या जागी सेटिंग सापडत नाही आणि माणूस अजून गोंधळतो. त्यापेक्षा स्क्रीनच्या वरून बोट खाली ओढा, परत एकदा ओढा, वायफाय ब्लूटूथची बटणं पूर्ण उघडतात, तिथे कोपऱ्यात छोटं दातेरी चाक असतं. ते दाबा. आयफोनमध्ये ही सोय अशी नाही, तिथे राखाडी रंगाचं दातेरी चाकाचं अ‍ॅप होम स्क्रीनवर शोधायचं.

आता साध्या अँड्रॉइडवर, म्हणजे कंपनीने फार बदल न केलेल्या फोनवर, सेटिंगच्या पहिल्या पानावर थेट तळाशी जा. शेवटच्या तीन-चार ओळींमध्ये एक ओळ असते जिच्यापुढे गोलात छोटा i असतो. ती सिस्टमची ओळ. तिच्या आसपास फोनचं चित्र असलेली ओळ असते ती फोनच्या माहितीची, आणि प्रश्नचिन्ह असलेली मदतीची, या दोन्ही नकोत. सिस्टम उघडलं की सगळ्यात वर गोळ्याचं, म्हणजे पृथ्वीवर रेघा मारल्यासारखं चिन्ह दिसेल. तीच भाषेची ओळ. आत गेल्यावर परत पहिली ओळ दाबायची (अँड्रॉइड १३ नंतर पहिली ओळ अख्ख्या फोनच्या भाषेची आणि दुसरी अ‍ॅपच्या भाषांची असते), आणि मग ती लिस्ट येते.

सॅमसंगमध्ये रस्ता वेगळाय. तिथे सिस्टम नावाची ओळ नाही, त्याऐवजी आडव्या रेघांवर गोल ठिपके सरकवल्यासारखं चिन्ह असलेली ओळ शोधायची, आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या असतात ना तशी. ती साधारण तळाकडून पाचवी-सहावी असते, तिच्या खाली माणसाची आकृती असलेली अ‍ॅक्सेसिबिलिटीची ओळ असते ही खूण धरा. आत गेलं की भाषा पहिल्याच ओळीत. शाओमीच्या फोनमध्ये तीन ठिपक्यांचं चिन्ह असलेली जास्तीच्या सेटिंगची ओळ असते, तिच्यात जायचं, आतल्या ओळींना चिन्हं नसतात त्यामुळे वरच्या दोन-चार ओळी एकेक उघडून बघायच्या, चुकलं तर बॅक यायचं. बाकी कंपन्यांचे फोन या तीन साच्यांपैकी एकाच्या जवळ जातात, पहिल्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागात शोधायचं एवढं लक्षात ठेवा, भाषा कधीच वायफाय, डिस्प्ले, बॅटरी या वरच्या भागात नसते.

आयफोनमध्ये सेटिंग उघडून जनरलची ओळ शोधायची, तिचं चिन्ह पण राखाडी चौकोनात दातेरी चाकच आहे, म्हणजे चाकाच्या आत चाक. जनरल उघडल्यावर पानाच्या मध्यावर कीबोर्ड, तारीख-वेळ, फाँट वगैरे ओळींचा एक गट असतो, भाषा त्याच गटात आहे. नेमकी कितवी ते आयओएसच्या व्हर्जनप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, म्हणून एकेक उघडून बघा आणि खूण अशी, बरोबर पान असेल तर वर भाषांची नावं आपापल्या लिपीत दिसतील, खाली एका ओळीत °C किंवा °F दिसेल (ती तापमानाची ओळ), आणि पानाच्या तळाशी नमुन्याची तारीख आणि आकडे लिहिलेले असतील. °C दिसलं की तुम्ही बरोबर जागी आहात, मग बाकी काही वाचता नाही आलं तरी चालतं.

आता धोक्याचं. साध्या अँड्रॉइडमध्ये सिस्टमच्याच पानावर खाली रिसेटची ओळ आहे, गोल फिरणारा बाण असलेली. सॅमसंगमध्ये पण भाषेच्याच पानावर खालच्या बाजूला रिसेट आहे. आयफोनच्या जनरलमध्ये अगदी तळाशी, फोन बंद करायच्या निळ्या ओळीच्या वर, तेच आहे. म्हणजे तिन्हीकडे भाषा आणि सगळं पुसणं एकाच पानावर, फक्त भाषा वर किंवा मध्ये आणि पुसणं खाली. म्हणून नियम असा करा की पहिल्या पानावर खाली जायचं, पण आतल्या पानावर गेल्यावर खाली जायचं नाही. आणि अजून एक पक्की खूण, भाषा बदलताना फोन कधीच पिन किंवा पॅटर्न मागत नाही. कुठल्याही क्षणी पिनचे आकडे मागणारी स्क्रीन आली तर तुम्ही चुकीच्या जागी आहात, पिन टाकू नका, बॅक या. लाल अक्षरातलं काही दिसलं तरी तेच, हात लावू नका.

लिस्टपर्यंत पोचल्यावरचं काम सोपंय पण तिथेही अडकायला होतं. साध्या अँड्रॉइडवर लिस्टमध्ये वर एक नंबरला ती परकी भाषा असेल आणि खाली दोन नंबरला तुमची जुनी भाषा बऱ्याचदा तशीच पडलेली असते, कारण नवी भाषा आली की जुनी जात नाही, फक्त खाली सरकते. त्या ओळीच्या टोकाला छोट्या आडव्या रेघा असतात, त्यावर बोट दाबून धरून ती ओळ सगळ्यात वर ओढायची. बोट उचललं की भाषा बदलते, नव्या व्हर्जनमध्ये मध्ये एक छोटी खिडकी येते दोन बटणांची, त्यात शेवटचं बटण हो म्हणायचं असतं (डावीकडून लिहिणाऱ्या भाषेत उजवीकडचं). जुनी भाषा लिस्टमध्ये नसेलच तर लिस्टच्या खाली अधिकचं चिन्ह असलेली ओळ दाबा, सगळ्या भाषांची मोठी लिस्ट उघडते. इंग्रजी अक्षरातल्या भाषा आधी येतात आणि बाकी लिप्या नंतर, म्हणजे मराठी हवी असेल तर बरंच खाली जावं लागतं, हिंदी आणि नेपाळीच्या आसपास सापडते. खूप लांबलचक वाटत असेल तर वर भिंगाचं चिन्ह आहे, तिथे English किंवा मराठी असं लिहून शोधता येतं, भाषेचं स्वतःचं नाव टाकलं तरी ती सापडते. कीबोर्ड पण परका झाला असेल तर परत तोच गोळ्याचा बटण-उपाय.

मात्र सेटिंगच्या पहिल्या पानावर जो शोध असतो त्याच्या नादाला लागू नका, तो चालू भाषेतली नावं शोधतो, तिथे इंग्रजीत लिहून काही न मिळाल्याने लोकांना वाटतं की तो ऑप्शनच फोनमध्ये नाही.

सॅमसंगमध्ये हवी ती भाषा निवडली की खाली लागू करायचं बटण येतं किंवा दोन बटणांची खिडकी येते, जुनीच ठेवा का नवी लावा असं विचारणारी, नवी लावायचं बटण शेवटचं. आयफोनमध्ये भाषा वर ओढली की खालून एक पट्टी येते, तिथे हो म्हटलं की स्क्रीन काही सेकंद काळी होते आणि परत येते, तेवढ्यात घाबरून पॉवर बटण दाबू नका, तो नेहमीचाच प्रकार आहे.

आता अरबी, उर्दू, फारसी, हिब्रू या भाषांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. या उजवीकडून डावीकडे लिहितात आणि फोन फक्त अक्षरंच नाही तर अख्खी मांडणी उलटी करतो. आरशात बघितल्यासारखं. परवाच एका नातेवाईक काकूंचा फोन असा अरबीत गेला होता आणि त्यांचं म्हणणं होतं की फोन बिघडलाय, बॅकच होत नाही. झालं होतं काय की वर डाव्या कोपऱ्यातला बॅकचा बाण उजव्या कोपऱ्यात गेला होता आणि उजवीकडे तोंड करून होता, त्या बिचाऱ्या डावीकडेच दाबत होत्या. खालची तीन बटणं असलेल्या फोनमध्ये तीही बाजू बदलतात.

त्यांच्या फोनवर काय केलं ते क्रमाने सांगते, साधा अँड्रॉइड होता. वरून दोनदा ओढलं, दातेरी चाक जे एरवी खाली उजवीकडे असतं ते डावीकडे होतं, ते दाबलं. सेटिंग उघडल्यावर सगळी चिन्हं उजव्या कडेला आणि चालू-बंदचे खटके डावीकडे. तळाशी गेले, गोलातला i शोधला, दाबला. पान उघडलं, पहिल्या ओळीला गोळ्याचं चिन्ह. दाबलं. परत पहिली ओळ. आणि समोर लिस्ट, वर العربية आणि खाली चक्क English (India), म्हणजे जुनी भाषा तिथेच होती. ओढायच्या रेघा डाव्या टोकाला होत्या, एरवी उजवीकडे असतात. ओळ धरून वर ओढली, खिडकी आली, दोन बटणं, इथे उलटी मांडणी असल्याने हो म्हणायचं बटण डावीकडचं. दाबल्याबरोबर सगळं जागच्या जागी. काकूंनी मधल्या वेळात एकदा खालची रिसेटची ओळ उघडली होती, पुढे पिन मागितला तेव्हा त्या थांबल्या, ते फार चांगलं केलं त्यांनी, फोटो सगळे त्याच फोनमध्ये होते.

म्हणून उलटी मांडणी दिसली की वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची फक्त डावी-उजवी बाजू बदलायची. वर-खालचा क्रम बदलत नाही. पहिली ओळ पहिलीच, तळाची तळालाच.

फोनवर बोलून दुसऱ्याचं दुरुस्त करायचं असेल (आणि बहुतेक वेळा हे असंच असतं, आईवडील एका गावात आणि आपण दुसऱ्या) तर "सिस्टम उघड" असं सांगून काही उपयोग नाही, त्यांना ते दिसतच नाहीये. त्यांना चिन्ह सांगा आणि ओळीचा नंबर सांगा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक पान उघडलं की स्क्रीनशॉट काढून किंवा घरातल्या दुसऱ्या फोनने फोटो काढून पाठवायला सांगा, मेसेजच्या अ‍ॅपचं चिन्ह तर बदललेलं नसतं. तुमच्याकडे त्याच कंपनीचा फोन असेल तर तो आपल्या भाषेत उघडून समोर ठेवा आणि ओळी जुळवत जा. फक्त पहिल्या पानावर एखादी ओळ जास्त-कमी असू शकते, उदाहरणार्थ डेव्हलपर ऑप्शन चालू असेल किंवा वर अपडेटची सूचना आली असेल तर मोजणी चुकते, म्हणून नंबर आणि चिन्ह दोन्ही जुळतायत का बघा, नुसत्या नंबरावर जाऊ नका.

कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी एक सरळ रस्ता आहे. अँड्रॉइड फोनवर यूएसबी डिबगिंग आधीच चालू असेल आणि कॉम्प्युटरला आधी परवानगी दिलेली असेल तर केबल लावून ही एक ओळ चालवा, भाषेचं पान थेट फोनवर उघडतं, मधली एकही पायरी लागत नाही:

```
adb shell am start -a android.settings.LOCALE_SETTINGS
```

डिबगिंग बंद असेल तर हे होणार नाही, आणि ते चालू करायला परक्या लिपीत फोनच्या माहितीच्या पानात जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा दाबायची कसरत करण्यापेक्षा भाषेचं पान शोधणं सोपं आहे.

कधीकधी लिस्टपर्यंत पोचूनही मराठी सापडत नाही. काही फोन एखाद्या विशिष्ट देशासाठीच बनवलेले असतात आणि त्यात मोजक्याच भाषा असतात, तशा वेळी English निवडा, ती जवळपास सगळीकडे असते, मराठीसाठी अडून बसू नका.

आता परत परत का होतं ते. भाषा परत आणली की लोक तिथेच सोडून देतात, आणि ती परकी भाषा लिस्टमध्ये दोन नंबरला तशीच पडून राहते. पुढच्या वेळी कोणाचं बोट त्या रेघांवर सरकलं की ती परत वर. शिवाय जे अ‍ॅप तुमच्या पहिल्या भाषेत नाही ते लिस्टमधल्या पुढच्या भाषेत उघडू शकतं, म्हणजे पहिली भाषा मराठी आणि दुसरी अरबी असेल तर ज्या अ‍ॅपला मराठी येत नाही ते अरबीत दिसतं, आणि मग वाटतं की भाषा अजून नीट झालीच नाही. खरं तर झालेली असते, उरलेली दुसरी भाषा त्रास देत असते.

म्हणून तुमची भाषा वर आली की त्याच पानावर परकी काढून टाका. साध्या अँड्रॉइडवर वर कोपऱ्यात तीन ठिपके असतात, ते दाबून काढायचा ऑप्शन घ्यायचा, भाषांपुढे चौकोन येतात, परकीवर टिक करायची आणि कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबायचं. क्रम हाच ठेवा, आधी आपली वर, मग परकी बाहेर, कारण आता तुम्हाला सगळं वाचता येतंय आणि चुकायची शक्यता नाही. आयफोनमध्ये त्या भाषेच्या ओळीवर बोट डावीकडे सरकवलं की काढायचं बटण येतं. मराठी पहिली असेल तर दुसरी English ठेवा, म्हणजे मराठी न येणारी अ‍ॅप इंग्रजीत उघडतील.

आणि हे सगळं नीट झाल्यावर, फोन तुमच्या भाषेत असतानाच, सेटिंगच्या पहिल्या पानापासून भाषेच्या लिस्टपर्यंतच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर पाठवून ठेवा. स्वतःच्या फोनवर नाही, दुसऱ्याच्या. परत कधी झालं तर ते तीन-चार फोटो समोर ठेवून ओळ आणि चिन्ह जुळवत गेलं की कोणाला फोन पण करावा लागत नाही.